प्रतिसाद: पायाखालचा अंधार

"ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेली बाहुली मी ओसरीतल्या खऱ्या टेबलाच्या व्हिडिओत बसवली. तिची सावली टेबलावर पडते, तरी बाहुली तरंगल्यासारखी दिसते. आणि तिनं खरं संत्रं ढकललेलं कसं दाखवू?"

भाऊ, तुमच्या सीनमध्ये तुम्ही फक्त ऊनच दिलेलं दिसतंय. ओसरीत आभाळाचा उजेडही सगळीकडून येतो, तो पावलाखाली अडतो आणि तिथं गडद, मऊ रेघ उमटते. ब्लेंडरमध्ये `World` चा, म्हणजे सीनच्या चहूबाजूंनी येणारा, मंद उजेड द्या, टाच टेबलाला टेकली का तेही तपासा.

सीनमधलं ऊन खऱ्या उन्हाशी जुळायला हवं. खऱ्या उन्हाचा कोन मोजायला टेबलावर 10 सेंटिमीटरची पेन्सिल उभी धरा. सावलीही 10 भरली, तर ऊन 45 अंशांवर. शूटिंग लवकर उरका, आमच्याकडं दुपारनंतर सावली भराभर लांबते.

संत्र्याचं काम उलटं करा. कॅमेरा पक्का ठेवून आधी खरं संत्रं बारीक दोऱ्यानं ओढा. मग तेवढाच गोळा सीनमध्ये संत्र्यावर बसवून फ्रेमनुसार सरकवा. गोळा आणि सीनमधलं टेबल दोन्हींना `Shadow Catcher` लावलं, की ती स्वतः दिसत नाहीत, फक्त सावली झेलतात, आणि बाहुलीच्या हाताची सावली संत्र्यावर वळून चढते. मला हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

बाहुलीचा हात मात्र संत्रं हलण्याच्या एक-दोन फ्रेम आधी टेकवा. उशिरा टेकला तर संत्रं आपोआप पळालेलं दिसतं. दोरा पुसायला रिकाम्या टेबलाचा शॉट आधीच घेऊन ठेवा.