मदत हवी आहे: लंजमध्ये ढांग किती लांब टाकावी? मांड्याच भरून येतात, नितंबांना काही जाणवत नाही

पहाटफेरी:
नमस्कार मंडळी. मी नागपूरची, वय 41, उंची 5 फूट 4 इंच. जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. तपासून घेतलं. गुडघ्यात बिघाड नाही, नितंबांचे स्नायू कमजोर आहेत, ते वाढवा असं सांगितलं. दोन महिने झाले, आठवड्यातून तीनदा लंज करतेय. आधी गच्चीवर करायचे, पण या दिवसांत सकाळी सातलाच गच्ची चटके देते, म्हणून हॉलमध्ये आले.

हॉलमध्ये दोन फुटी टाइल्स आहेत, त्यामुळे ढांग मोजता येते. दोन्ही टाचा एका सांध्यावर ठेवते आणि पुढच्या पायाची टाच कुठे पडते ते बघते. एक टाइल, म्हणजे 60 सेंटिमीटर टाकली तर आठव्या खेपेलाच गुडघ्याच्या वरची मांडी पेटते आणि पुढची टाच उचलली जाते. दीड टाइल टाकली तर मांडीला बराच आराम पडतो, पण दुसऱ्या दिवशी नितंबाऐवजी मांडीच्या आतली बाजू, अगदी वरपर्यंत, दुखते. दोन टाइल टाकून पाहिली तर मागच्या पायाची जांघ ओढली जाते आणि खाली बसताच येत नाही.

मग नितंबांसाठी नेमकी ढांग कोणती? आणि आतली बाजू दुखते म्हणजे माझं काही चुकतंय का?

खेळाडू_काका:
ताई, नियम सोपा आहे. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, गेला की गुडघा गेलाच म्हणून समजा. ढांग जितकी लांब तितके नितंब जास्त. दोन टाइलच ठेवा, जांघेचा ताण आठवड्याभरात सुटेल. मी तीस वर्षं हेच सांगत आलोय.

भरतीवाला:
ताई, मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. 1600 मीटरमधे ढांग लांब टाकली तर टाइम कमी होते का? की पाय लवकर लवकर टाकायचे?

सांधेजोड:
भरतीवाला भाऊ, धावण्यातली ढांग हा वेगळा विषय आहे, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

पहाटफेरी ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या टाइल्सवरच बोलू. पुढचा पाय जमिनीला दाबतो तेव्हा जमीनही पायाला उलट ढकलते. त्या ढकलण्याची एक रेघ तळव्यातून वर निघते असं डोळ्यांपुढे आणा. जो सांधा या रेघेपासून लांब, त्याच्या स्नायूंवर काम जास्त. सगळा खेळ एवढाच आहे.

एक टाइलच्या ढांगेत खाली जायला जागा नसते, म्हणून गुडघा पुढे सरकतो. तो रेघेच्या बराच पुढे जातो, खुबा मात्र रेघेच्या जवळच राहतो. मग मांडीच्या पुढच्या स्नायूंना, क्वाड्सना, राबावंच लागतं. घोट्याला तेवढं वाकता आलं नाही की टाच उचलते, गुडघा आणखी पुढे जातो आणि त्याच्यावरचं काम आणखी वाढतं. वाटीमागचं दुखणं इथेच चाळवतं.

दीड टाइलच्या ढांगेत तुमच्या उंचीला नडगी जवळपास उभी राहते. शिवाय लांब ढांगेत पुढचा पाय जमिनीला थोडा पुढेही रेटतो, म्हणून ती रेघ मागे कलते आणि गुडघ्याजवळून जाते. खुबा मात्र मांडीच्या लांबीइतका मागे राहतो. उठताना तो खुबा सरळ करायचं काम नितंबांवर येतं. क्वाड्स तेव्हाही चांगलेच राबतात, फक्त वाटणी बदलते.

आता आतली बाजू. मांडीच्या आत एक मोठा स्नायू असतो, अडक्टर मॅग्नस. खुबा खोल वाकलेला असताना तो नितंबांच्या बरोबरीने खुबा सरळ करतो. तिथे दुखलं तर काम खुब्याकडे सरकलेलं असू शकतं. म्हणजे ही चूकच आहे असं नाही. पण नुसतं कुठे दुखलं यावरून स्नायूंचा हिशोब मांडू नका. बाजूने व्हिडिओ काढा आणि नडगी उभी आहे का ते बघा.

काका, गुडघा बोटांपुढे गेला की त्याच्यावरचं काम वाढतं, हे तुमचं बरोबर. पण तेवढ्याने तो खराब होत नाही. जिना उतरताना प्रत्येकाचा गुडघा बोटांपुढे जातो. ताईंचा सध्या दुखतोय म्हणून त्याचं काम काही दिवस कमी करायचं, इतकंच. दोन टाइल मात्र नको. मागच्या पायाची जांघ अडली की माणूस खाली जात नाही, कंबर कमानीसारखी वाकवून वेळ मारून नेतो. खोलीच गेली तर लांब ढांगेचा फायदा उरत नाही.

वैनगंगा:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. ढांग दीड टाइलच होती, तरी मांडीच भरायची. मी पाठ काठीसारखी ताठ ठेवायचे. धड खुब्यातून थोडं पुढे झुकवलं, छाती पुढच्या मांडीकडे आणली, तेव्हा नितंब जागे झाले. मला वाटतं ढांगेपेक्षा झुकणंच महत्त्वाचं.

सांधेजोड:
झुकल्याने वजन पुढे येतं आणि खुब्यावरचं काम वाढतं, हे खरं. पण पाठीचा कणा सरळ हवा, वाक फक्त खुब्यात. मी आधी ढांग पक्की करून घेतो, झुकणं नंतर शिकवतो.

वैनगंगा:
मी तर उलट सांगेन. लांब ढांगेत माझा तोल जायचा. आधी झुकायला शिकले, मग ढांग वाढवली.

खेळाडू_काका:
जिन्याचं उदाहरण पटलं. पण दुखऱ्या गुडघ्याला मी तरी पुढे जाऊ देणार नाही.

पहाटफेरी:
सगळ्यांचे आभार. काल लेकाने स्टुलावर फोन ठेवून बाजूने व्हिडिओ काढला. डावा पाय पुढे असताना टाच बरोबर दीड टाइलवर पडते आणि नडगी उभी राहते. उजवा पाय पुढे टाकते तेव्हा टाच चार बोटं अलीकडे पडते. दहाच्या दहा खेपांना तसंच. गुडघा अंगठ्याच्या पुढे दिसतो. मला करताना दोन्ही ढांगा अगदी सारख्या वाटत होत्या! म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला जपायला मी ढांग आखूड टाकतेय आणि त्यानेच त्याच्यावर भार वाढवतेय?

सांधेजोड:
नेमकं तसंच. दुखरा पाय लांब टाकायला शरीर कचरतं. काही दिवस ढांग टाकूच नका. दीड टाइलवर दोन्ही टाचांच्या जागा खडूने आखा, पाय तिथे ठेवूनच उभ्या राहा आणि जागच्या जागी खाली-वर करा. मागची टाच उचललेली, दोन्ही पाय एका रेषेत नकोत, मध्ये वीतभर अंतर ठेवा म्हणजे तोल राहील. उजव्या बाजूने आठ, डाव्या बाजूने आठ, असे तीन सेट. जिना उतरतानाचं दुखणं वाढलं तर खोली कमी करा, ढांग कमी करू नका.

पहाटफेरी:
आज सकाळी खडूने आखून केलं. उजवा पाय पुढे असताना पाचव्या खेपेला नितंबाच्या खालच्या भागात पहिल्यांदा ओढ जाणवली. मांडीची आतली बाजूही भरली, पण आता त्याची धास्ती नाही. वैनगंगा ताई, झुकताना नजर कुठे ठेवता? मी खाली बघते आणि पाठ गोल होते.