वायफायचे पासवर्ड नव्या फोनवर येतात म्हणे!

वैतागवाडी: बॅकअप चालू होता, गूगल खातं तेच. नवा अँड्रॉइड लावला, फोटो आले, कॉन्टॅक्ट आले, वायफाय एकही नाही. घरचं, ऑफिसचं, सासरचं, सगळं परत टाका. बॅकअप म्हणजे निव्वळ थापा.

कोकणकडा: फोटो आणि कॉन्टॅक्ट खात्यातून सिंक होतात. ते दिसले म्हणजे बॅकअप उतरला असं नाही. वायफाय फोनच्या सेटिंग्जबरोबर बॅकअपमध्ये जातं आणि अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, त्याला जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकचं कुलूप असतं. सेटअपमध्ये जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विचारतात. ती पायरी गाळलीत ना? खरं सांगा.

वैतागवाडी: विचारलं असेल. पानामागून पान 'पुढे' दाबायला लावतात, कोण वाचतंय! आता काय, फोन रीसेट करू?

कोकणकडा: जुना फोन हाताशी असेल तर कशाला? त्यात त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'शेअर' दाबा. अँड्रॉइड १० पासून क्यूआर येतो, नव्या फोनने स्कॅन करा. ऑफिसचं मात्र युजरनेम-पासवर्डवालं असेल, तर पिन टाकूनही आलं नसतं. तशी नेटवर्कं बॅकअप घेतच नाही.

फळवाला_नाही: म्हणून आयफोन घ्यावा. आयक्लाउड कीचेन चालू ठेवा, सगळं आपोआप.

रेवती_ठाणे: आपोआप म्हणे! मी कॉम्प्युटरवर बॅकअप घेतला होता. 'एन्क्रिप्ट' च्या चौकोनात टिक नव्हती. नव्या आयफोनवर वायफायचा एक पासवर्ड आला नाही.

फळवाला_नाही: मी आयक्लाउडचं बोलतोय. पण ठीक, तुमचंही खरं.

बापूसाहेब: मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. माझ्याकडे गणपतीला येऊन गेलेल्या प्रत्येक भाच्याच्या बॅकअपमध्ये माझा पासवर्ड बसलाय. मला कुणी विचारलं?

कोकणकडा: बापू, तो भाच्याच्या पिनने बंद आहे. गूगललाही उघडता येत नाही.

बापूसाहेब: गूगलचं राहू द्या. भाचा फोन बदलत राहणार आणि माझा पासवर्ड जन्मभर त्याच्याबरोबर हिंडणार. शिवाय तुमचा तो क्यूआर! भाच्याने तो मित्राला दाखवला की झालं, खाली पासवर्डही छापलेला असतो.

रेवती_ठाणे: मग राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा. सण झाला की बंद.

बापूसाहेब: राउटर केबलवाल्याने लावलाय. त्याचा पासवर्ड तो मलाच देत नाही!

कोकणकडा: मग भांडण केबलवाल्याशी आहे, बॅकअपशी नाही. मालक तुम्ही, मागून घ्या.

बापूसाहेब: तुम्ही येता मागायला? दोनदा फोन ठेवलाय त्याने.

वैतागवाडी: क्यूआरने घरचं आलं. सासरचंही आलं, म्हणजे आता तिकडे नेट नाही ही सबब गेली. थापा नव्हत्या, पण ते पान ठळक लिहायला काय जातं यांचं?