रोज रात्री ३० सेकंदात खर्च लिहायचाय, फॉर्म अडलाय, मदत हवी

वैतागलेला_पुणेकर:
रात्री दहाला मोबाईलने विचारायचं आज किती गेले, मी प्रकार दाबून आकडा टाकायचा आणि झोपायचं, एवढंच हवंय, ३० सेकंदांच्या वर नको. ॲप्स टाकून काढून झाली, सगळ्यांना आधी खातं उघडा मग बजेट ठरवा मग प्रीमियम घ्या. म्हणून गूगल फॉर्म बनवला, रक्कम आणि प्रकार, बास. पहिल्या रात्री मस्त चालला, आता उघडतच नाही. आणि दिवसाचे पाच-सहा खर्च असतात, प्रत्येकाला वेगळा फॉर्म भरायचा तर अर्धी झोप त्यातच. पटकन सांगा कोणीतरी.

शेजारचे_काका:
उघडत नाही म्हणजे नक्की काय होतं? पांढरा स्क्रीन येतो की काही लिहून येतं? फोन कुठला, आणि घरात अजून कोणी भरतं का?

सफरचंदवाला:
एवढं कशाला, शॉर्टकट्समध्ये ऑटोमेशन करा. Time of Day ला दहा वाजता, मग Choose from Menu मध्ये प्रकार, मग Ask for Input ला Number, आणि नोट्समध्ये जोडून टाका. माझं झकास चालतं.

वैतागलेला_पुणेकर:
अहो अँड्रॉइड आहे. फॉर्म उघडला की "You've already responded" येतं. बायकोच्या फोनवरून मात्र काल भरला गेला, म्हणजे माझ्या फोनचाच लोचा दिसतोय.

शेजारचे_काका:
फोनचा नाही. फॉर्मच्या Settings मध्ये Responses खाली Limit to 1 response चालू असणार. ते एका गूगल खात्याला एकदाच भरू देतं. वहिनींचं खातं वेगळं म्हणून त्यांचा गेला, पण आज रात्री त्यांनाही हेच दिसेल. ते बंद करा.

वैतागलेला_पुणेकर:
चालू होतं, बाहेरच्या कोणी भरू नये म्हणून केलं होतं. बंद केलं, उघडला. पण पाच वेळा भरायचं काय?

मोबाईलवेडी:
मुळात हाताने भरायचंच कशाला?? एसएमएस वाचणारं ॲप टाका, सगळं आपोआप. २०२६ मध्ये कोण हाताने खर्च लिहितं.

शेजारचे_काका:
ताई, यूपीआय लाइट वापरणाऱ्याला ते उपयोगी नाही. लाइटमधून एका वेळी १००० रुपयांपर्यंत जातात, पिन लागत नाही, आणि प्रत्येक चहा-रिक्षा पासबुकात वेगळी दिसत नाही. दिसतं ते फक्त लाइटमध्ये भरलेले २०००. ॲपला वाटतं एकच खर्च झाला. आणि भाजीवाल्याला दिलेल्या रोख पैशाचा एसएमएस कोण पाठवणार?

पुणेकर, तुमचा फॉर्म दुकानदाराच्या वहीसारखा आहे, एका व्यवहाराला एक ओळ. रात्रीच्या नोंदीला तो बरोबर नाही. प्रकार निवडायचा प्रश्नच काढा आणि प्रत्येक प्रकाराचा एक रकमेचा रकाना करा. एका रात्रीला एकच फॉर्म. उदाहरणार्थ भाजी-दूध-किराणा ३४०, बाहेरचं खाणं १२०, रिक्षा-पेट्रोल ८५, बाकीचे रिकामे, सबमिट. तीन आकडे टाइप करायला किती वेळ लागतो. वेळ जातो तो आठवण्यात, त्यामुळे रकाने सहा-सातच्या वर नेऊ नका, नाहीतर "शाम्पू कशात धरायचा" यावरच रात्र जाईल. मॉलमधून किराण्याबरोबर टॉवेल आणला तरी सगळं किराण्यात टाका, बिल फोडत बसू नका.

कुठलाच रकाना Required करू नका. काही खर्च झाला नाही तरी रिकामा फॉर्म सबमिट करा, म्हणजे फॉर्मला जोडलेल्या गूगल शीटमध्ये त्या दिवसाची ओळ येईल. ओळच नसेल तर विसरलात, ओळ आहे पण रिकामी तर खरंच खर्च नाही, हा फरक महिनाअखेरीला लागतो. आणि प्रत्येक प्रश्नाच्या तीन टिंबांत Response validation ला Number लावा. नाहीतर कोणीतरी "१२० भाजी" लिहिणार, शीट ते अक्षर समजणार आणि SUM ते गुपचूप सोडून देणार. एरर पण येत नाही, बेरीज फक्त कमी दिसते.

नाना_हिशेबी:
मी ४० वर्षं डायरीत लिहितोय. आणि रोख रोज लिहायचीच कशाला? एटीएममधून २००० काढले त्या दिवशी २००० खर्च लिहून मोकळं व्हायचं.

शेजारचे_काका:
नाना, चालतं, पण मग रात्री भाजीचे रोख ३४० परत लिहायचे नाहीत. दोन्ही लिहिलं तर दुप्पट. क्रेडिट कार्डाचंही तसंच, स्वाइप केलं त्या रात्री लिहा, बिल भरताना नाही. भाडं, हप्ते, एसआयपी या फॉर्ममध्ये नकोतच, ते दर महिन्याला ठरलेले असतात, शीटमध्ये एकदाच टाका.

नाना_हिशेबी:
दुप्पट कसं होईल? एटीएम लिहिलं की रोख संपली विषयातून. माझं कधी चुकलं नाही.

मोबाईलवेडी:
नाना पण मग कशावर गेले ते कसं कळणार? २००० "एटीएम" वर गेले?

नाना_हिशेबी:
कशावर गेले ते मला माहीत असतं. 🙂

वैतागलेला_पुणेकर:
रकान्यांचं केलं, खरंच पटकन होतं. पण काल आम्ही साडेबाराला भरला तर टाइमस्टॅम्प आजचा आला, आता आज दोन ओळी दिसणार. आणि दहाचा अलार्म वाजला की मी न बघता बंद करतो, त्याचं काय करू?

शेजारचे_काका:
शीटमध्ये शेवटच्या रकान्याच्या पुढे पहिल्या ओळीत हे टाका:

```
={"दिवस"; ARRAYFORMULA(IF(A2:A="","",INT(A2:A-TIME(4,0,0))))}
```

पहाटे चारपर्यंतची नोंद आदल्या दिवसात जाईल. सूत्र खाली ओढत नेऊ नका, फॉर्म नवी ओळ घुसवतो तेव्हा तिथे सूत्र नसतं. महिन्याची बेरीज या रकान्यातल्या तारखेवरून करा. तुम्ही आणि वहिनी दोघं भरणार तर एका दिवसाच्या दोन ओळी येणारच, त्या चालतील, फक्त एकच भाजी दोघांनी लिहू नका, ज्याने पैसे दिले त्याने लिहायचं.

अलार्मऐवजी चार्जर वापरा. रात्री फोन चार्जिंगला लावताच ना? MacroDroid नावाच्या ॲपमध्ये चार्जर लागल्याचा ट्रिगर, वेळेची अट साडेनऊ ते एक, आणि कृती म्हणून फॉर्मची लिंक उघडणे. फोन हातात असतानाच समोर येतो.

वैतागलेला_पुणेकर:
दिवसाच्या रकान्यात ४६ हजार काहीतरी आकडे येताहेत??

सफरचंदवाला:
तुमचं सूत्र गंडलंय. आयफोन घ्या.

शेजारचे_काका:
सूत्र ठीक आहे. रकाना निवडून Format, Number, Date करा. आत तारीख आकडाच असते.

वैतागलेला_पुणेकर:
दिसल्या तारखा. चार्जरचं पण लावलं, पहिल्या रात्री उघडला, काल नाही उघडला.

मोबाईलवेडी:
बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला Unrestricted करा. काही फोन मागचं सगळं मारून टाकतात, त्यांच्यात ऑटोस्टार्टची वेगळी परवानगी असते. माझ्या जुन्या फोनवर एवढं करूनही दर अपडेटनंतर परत बंद व्हायचं.

शेजारचे_काका:
हे बरोबर. तोपर्यंत क्रोममधून फॉर्म Add to Home screen करून ठेवा. आणि फोन कुठला ते अजून सांगितलं नाहीत.

दादरची_मीनल:
आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो, गॅस आणि वायफाय एकीनेच भरलं तर या फॉर्ममध्ये तिसरा हिस्सा कसा लिहायचा?