लिननच्या सुरकुत्या

«मे महिन्यातल्या लग्नासाठी लिननचा शर्ट शिवला, पण तासाभरात चुरगळला. कापड खराब निघाले का?»

कापडात दोष नाही. जवसाच्या खोडातून निघणारा हा तंतू ताठ असतो आणि फारसा ताणला जात नाही; त्यामुळे कोपरापाशी दुमडला की तो आपोआप सरळ होत नाही, आणि घामाच्या ओलाव्याने सुटलेले त्याच्या रेणूंमधील बंध वाळताना त्याच घडीत पुन्हा जुळतात. म्हणूनच इस्त्री कापड दमट असतानाच करावी. याच ताठपणामुळे लिनन अंगाला न चिकटता जरा दूर राहते आणि सोलापूरच्या 40 अंशांच्या उन्हात आत वारा खेळतो; घट्ट शिवलेल्या शर्टात हा फायदाच जातो. कोपरावरच्या मऊ सुरकुत्या उन्हाळी पोशाखात ऐटदारच दिसतात, चुरगळलेली कॉलर मात्र माझ्या मते निष्काळजीपणा दाखवते.