ॲनेरोबिक कॉफी: आंबवलेली की इसेन्स मारलेली?

कर्वेनगरकर: काल बाणेरच्या एका कॅफेत ‘ॲनेरोबिक नॅचरल’ घेतली. ३८० रुपये! स्ट्रॉबेरीच्या सरबतात शिळी वाइन ओतल्यासारखी चव. बियांना इसेन्स लावतात, दुसरं काही नाही. कॉफीला कॉफीची चव नको का?

मळ्यावरचा: चिकमगळूरजवळ मेहुण्याच्या मळ्यावर दोन हंगाम मी स्वतः ड्रम भरलेत, म्हणून हे वाचून गप्प बसवलं नाही.

आम्ही फक्त पूर्ण लाल फळं तोडली, पाण्यात टाकली आणि तरंगणारी काढून टाकली. मग २०० लिटरच्या दोन ड्रममध्ये साधारण ११०-११० किलो अख्खी फळं भरून झाकणं घट्ट केली. झाकणातून एक नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आतला वायू बुडबुड्यांतून बाहेर पडतो, हवा मात्र आत येत नाही. ॲनेरोबिक म्हणजे हेच, हवेविना आंबवणं.

सालीवरचं यीस्ट आणि जिवाणू गरातली साखर खातात. त्यातून अल्कोहोल आणि आम्लं तयार होतात, आणि ती एकमेकांशी जुळून एस्टर बनतात. केळ्याचा, स्ट्रॉबेरीचा वास एस्टरचाच असतो. धुतलेल्या कॉफीत साल आणि बराचसा गर आधीच निघून जातो. इथे अख्खं फळ बंद ड्रममध्ये चार दिवस बीला बिलगून असतं आणि नंतर सालीसकट आठवडेच्या आठवडे वाळतं. म्हणून चव इतकी अंगावर येते.

आता चुकलेला ड्रम. एका झाकणाचं रबर दुमडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीतले बुडबुडे थांबले. आम्हाला वाटलं, थंडीने आंबणं मंदावलं असेल. खरं तर वायू झाकणातून निसटत होता आणि हवा आत शिरत होती. चौथ्या दिवशी दोन्ही उघडले. पीएच दोन्हीचा ४ च्या आसपास! पण एकाला मनुका आणि पिकल्या केळ्याचा वास, दुसऱ्याला व्हिनेगर आणि नेलपॉलिशचा. हवा मिळाली की अल्कोहोलचं व्हिनेगर करणारे जिवाणू जोर धरतात. आम्ल किती आहे ते मीटर सांगतो, कुठलं आहे ते नाक सांगतं. तो माल वेगळा वाळवला तरी कपात घशाला लागलाच. मिळेल त्या भावाने विकला.

डेक्कनचा बंड्या: म्हणजे लोणच्यात मीठ मुरतं तसा गर बीत मुरतो. मग चार दिवस कशाला, दहा ठेवा. चव दुप्पट!

मळ्यावरचा: मुरतं हे अर्धंच खरं. बी जिवंत असते, हवा तुटली की तिच्या आतलाही कारभार बदलतो. चवीत गराचा वाटा किती आणि बीचा किती, यावर जाणकारही भांडतात. आणि दहा दिवस ठेवलंत तर साखर संपल्यावर नको ते जिवाणू माजतात. कपात घामट चीजचा वास येईल. त्यात ऊन तापलेलं असेल तर चार दिवससुद्धा जास्त होतात.

सहकारनगरची सून: मला वेगळंच विचारायचंय. सासूबाईंना संकष्टीला कॉफी लागते. यात दारू असते का? मी हे पाकीट आणून बसलेय.

मळ्यावरचा: ताई, नाही. अल्कोहोल वाळवताना उडतं, उरलंसुरलं २०० अंशांच्या भाजणीत जातं. वाइनची नुसती चव, नशा नाही. उपवासाला चालतं का ते सासूबाईंनी ठरवावं.

कर्वेनगरकर: तुमचा ड्रम खरा असेल. पण ड्रममध्ये दालचिनी, संत्र्याच्या साली, पॅशनफ्रूट टाकणारे आहेत की नाहीत? ते इसेन्सच झालं!

मळ्यावरचा: आहेत. फळांसोबत आंबवलं तर पाकिटावर तसं लिहा, हे माझंही मत. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

डेक्कनचा बंड्या: का लिहायचं? यीस्ट विकत आणून टाकलं तर लिहिता का? २०१५ मध्ये साशा सेस्टिक जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकला, तेव्हा वाइनवाल्यांची कार्बन डायऑक्साइडची रीतच कॉफीला लावली होती. तेव्हा तर टाळ्या वाजवल्यात.

मळ्यावरचा: त्याने काय केलं ते उघड सांगितलं होतं! लपवणं आणि सांगणं यात फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं. माझ्या मेहुण्याने रात्री दोन-दोन वाजता उठून ड्रम पाहिलेत, आणि शेजारी दालचिनी टाकून दीडपट भाव घेतो.

डेक्कनचा बंड्या: म्हणजे खरं दुखणं भावाचं आहे. तसं आधी सांगा.

मळ्यावरचा: हो, भावाचंही आहे. शेतकऱ्याला असू नये?

सहकारनगरची सून: पाकिटावर ‘यीस्ट इनॉक्युलेटेड’ लिहिलंय. म्हणजे काय मिसळलंय?

मळ्यावरचा: फळं आंबवताना बाहेरून निवडक यीस्ट सोडलं. चव दर वेळी सारखी यावी म्हणून. बंड्या, बघ, लिहितात.

कर्वेनगरकर: ठीक, ‘सगळ्यांना इसेन्स’ हे मागे घेतो. दालचिनीवाल्यांबद्दल नाही. आणि माझ्या कपाला व्हिनेगरचा वास होता, तो तुमच्या दुसऱ्या ड्रमसारखाच.

मळ्यावरचा: मग तो लॉटच बिघडलेला असेल. पुढच्या वेळी कॅफेत मळा आणि आंबवण्याचे तास विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका.