सभा मध्येच तुटली, उरलेले विषय कधी घेणार ते कसं कळवलंत? अनुभव सांगा

इंदिरानगरची सेक्रेटरी
काल लेकीची ऑफिसची मीटिंग ऐन बोलण्यात तुटली. तिने दोन ओळींचा मेसेज टाकला आणि पोहे खायला आली. मला मात्र आमच्या सोसायटीची २०२१ ची वार्षिक सभा आठवली. करोनामुळे ऑनलाइन घेतली होती. विषय पाच: मागचं इतिवृत्त, हिशेब, ऑडिटर, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी, आणि ऐन वेळचे विषय. पहिले तीन मंजूर झाले. चौथ्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि मी हात वर करायला सांगितले. अकरापर्यंत मोजले आणि लाइट गेली. वायफाय बंद, होस्ट मीच, आणि मोबाइलवर हॉटस्पॉट लावेपर्यंत सगळे बाहेर.

घाईत ग्रुपवर लिहिलं, "मीटिंग रद्द झाली आहे. रविवारी १० वाजता घेऊ." त्या 'रद्द'ने पुढचे दोन महिने खाल्ले. एक काका म्हणाले, सभाच रद्द, मग हिशेब तरी मंजूर कसे? वर्गणी ज्यांना नको होती ते म्हणाले, अकराच हात होते, ठराव पडला. ज्यांना हवी होती ते म्हणाले, मोजणी चालू होती. दोन्ही बाजूंची माणसं चांगली, रोज जिन्यात भेटणारी. बोलणं बंद झालं होतं त्यांचं. अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

गंगापूररोडकर
ताई, रविवारची सभाच नियमात बसत नव्हती. वार्षिक सभेला १४ दिवसांची नोटीस लागते. नव्याने काढायला हवी होती.

मखमलाबादची सून
आमची शाळेची पालकसभा. फुकटचं खातं होतं, ४० मिनिटांनी आपोआप बंद. बाईंनी नवी वेळ ठरवायला वीस मिनिटं घेतली, तोवर आम्ही रिकाम्या स्क्रीनसमोर बसून. मी तर पोराला मांडीवर घेऊन साडेनऊपर्यंत. आधी नुसतं "थांबू नका, वेळ कळवते" एवढं टाकलं असतं तरी जेवणं उरकली असती. कुकर झाला, नंतर येते.

दप्तरी
सोसायट्यांची दप्तरं लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून लिहितो.

गंगापूररोडकर, १४ दिवस नव्या सभेला. ही नवी सभा नाही, तीच सभा पुढे चालू आहे. आदर्श उपविधींत अशी सोय आहे की सगळे विषय संपले नाहीत तर हजर सदस्य ठरवतील त्या तारखेपर्यंत सभा पुढे नेता येते, पण मूळ तारखेपासून ३० दिवसांच्या आत. तिथे फक्त उरलेले विषय घ्यायचे, नवा एकही नाही. इतिवृत्त एकच, हजेरी मात्र दोन्ही दिवसांची.

ताई, शब्द हवा होता 'तहकूब'. सभा रद्द म्हणजे झालंच नाही. तहकूब म्हणजे झालं ते झालं, उरलं ते पुढे. मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं:

"रात्री ८:४० ला लाइट गेल्याने सभा तुटली. ती तहकूब केली आहे, रद्द नाही. विषय १ ते ३ मंजूर झाले. विषय ४ वर चर्चा झाली, मतमोजणी अपुरी राहिली, म्हणून मोजलेली मतं धरलेली नाहीत, मतदान पुन्हा पहिल्यापासून होईल. रविवारी सकाळी १० वाजता फक्त विषय ४ आणि ५. लिंक तीच."

अर्धवट मोजणीचं काय, हे त्याच रात्री लिहायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत ज्याला जो आकडा सोयीचा तो त्याच्या डोक्यात पक्का होतो.

इंदिरानगरची सेक्रेटरी
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! पण दादा, "हजर सदस्य ठरवतील" म्हणता, आणि हजर सगळे तर बाहेर फेकले गेलेले. तारीख मी एकटीने ठरवली. चालतं का?

दप्तरी
तिथेच अडतं. उपविधी लिहिणाऱ्यांसमोर हॉल होता, माणसं एकदम गायब होतील हे कुणाच्या मनात नव्हतं. मी आता सभा सुरू होतानाच अध्यक्षांकडून म्हणवून घेतो: "जोडणी तुटली आणि १५ मिनिटांत परत लागली नाही, तर सभा अमुक दिवशी अमुक वाजता पुढे चालू." कुणाची हरकत नाही असं इतिवृत्तात घालतो. म्हणजे हजर सदस्यांनीच ठरवलं. तसं केलेलं नसेल तर पुढच्या दिवशी पहिलं काम म्हणून तारखेला संमती घ्यायची. ती पुरते की नाही यावर मला दोन वकिलांनी दोन उत्तरं दिली आहेत.

गंगापूररोडकर
१४ दिवसांचं माझं चुकलं, मान्य. पण जे त्या रात्री नव्हतेच त्यांना निदान कळवायला तर हवं ना? ग्रुपवर नसलेले म्हातारे सभासद असतात.

दप्तरी
हवंच. नोटीस बोर्डावर कागद लावायचा आणि अशांना फोन करायचा.

बागवाला पिंपळगाव
आमचं वेगळं. द्राक्षाच्या मालावर हॉलंडच्या खरेदीदाराशी शुक्रवारी कॉल होता, मार्चअखेर. पॅकहाउसमधून बोलत होतो, नेट गेलं. साखर किती आणि मण्याचा आकार काय ते बोलून झालं होतं, कंटेनर कधी भरायचा ते राहिलं. मी मेसेज केला, "सोमवारी नेहमीच्या वेळेला." आमची नेहमीची वेळ दुपारी साडेचार, त्यांचे बारा. मधल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे गेली! मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात. मग त्यांचे बारा म्हणजे आपले साडेतीन. तो बिचारा तासभर बसला आणि शेवटी उठून गेला. माल तयार, मजूर उभे, आणि तारीख नक्की नाही. त्या रात्री झोप नाही लागली. तेव्हापासून 'नेहमीप्रमाणे' लिहित नाही. दोन्हीकडची वेळ, दोन्हीकडचा वार, पूर्ण.

मखमलाबादची सून
अरे देवा. भरला का मग कंटेनर?

बागवाला पिंपळगाव
भरला वहिनी, दोन दिवस उशिरा.

आयटीतली सिडको
ऑफिसात माझ्या हातून झालेलं. कॉल तुटल्यावर कॅलेंडरमधला जुना कार्यक्रम डिलीट करून नवा बनवला. लोकांना आधी मीटिंग रद्द झाल्याचा मेल गेला, नव्या वेळेचा मागून. अर्ध्या लोकांनी पहिलाच वाचला आणि दुसरं काम घेतलं. ताईंचा 'रद्द' वाचून तेच आठवलं. आता उरलेल्या भागाचा वेगळा कार्यक्रम काढते, नावातच "उरलेले विषय ४ व ५" लिहिते आणि जुन्याला हात लावत नाही. दर आठवड्याची मीटिंग असेल तर जास्त जपा. वेळ बदलताना 'सर्व कार्यक्रम' निवडलं तर पुढचे सगळे आठवडे सरकतात.

पंचवटीचे काका
वॉटरप्रूफिंग शेवटी कोणतं केलंत? आमची गच्ची श्रावणात गळते. ब्रिकबॅट कोबा करावा की नुसतं केमिकल मारावं?

इंदिरानगरची सेक्रेटरी
काका, कोबाच केला. पण केव्हा, तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर. मतदान परत घेतलं तेव्हा वर्गणी मंजूर झाली, पण तोवर वरच्या मजल्यावरच्या आजींच्या देवघराची भिंत फुगली होती. हात लावला की पोपडा निघायचा. त्यांनी तक्रार केली नाही, देव फक्त दुसऱ्या खोलीत नेले.

पंचवटीचे काका
उतार नीट द्यायला लावा आणि पाणी साठवून तपासून घ्या. आमच्याकडे तेच राहिलं.

मखमलाबादची सून
आले परत. दादा, तुमचा तो मेसेज आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकू का? शनिवारी परत पालकसभा आहे.

दप्तरी
टाका की. विषयांचे आकडे तेवढे बदला.