ईएन १९ चा शाफ्ट वाकला, म्हणून सरळ ईएन २४ करायचं का?

वाळूज_ड्रॉइंगवाला:
आमच्या गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट ५० मिमीचा, लांबी ९०० मिमी. ड्रॉइंगवर ईएन १९ पोलाद, तेलात क्वेंच, टेम्पर करून २८ ते ३२ एचआरसी. गिऱ्हाइकाकडून दोन शाफ्ट वाकून परत आले, एकाची चावीची खाचही पिळलीय. खरेदी विभाग म्हणतो, टीसी म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट पास, हार्डनेस ३० आली, माल बरोबरच आहे. साहेब म्हणतात ईएन २४ करून मोकळे व्हा. माझं मत असं की पोलाद किती खोलवर कडक होतं ते दाखवणारी जॉमिनी टेस्ट आधी करावी, ग्रेड नंतर बदलता येईल. तुम्हाला काय वाटतं?

चिकलठाणा_फोरमन:
साहेब बरोबर बोलतात. मी आयुष्यभर शाफ्टच करतोय. ईएन २४ मधे निकेल आहे, तेलात टाकला की गाभ्यापर्यंत धरतो. जॉमिनीचा रिपोर्ट येईस्तोवर तिसरा शाफ्ट परत येईल. किलोमागे पैसे जास्त जातील, पण गिऱ्हाईक तरी राहील.

हार्डनेसवाली:
फोरमन काका, गाभ्यापर्यंत धरतो हे खरं. पण इथं गाभ्याचा प्रश्न आहे का, ते अजून कुणी पाहिलंच नाही. पिळाचा आणि वाकण्याचा ताण पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो, मध्यावर शून्य. शाफ्ट वाकला म्हणजे बाहेरचं पोलादच आधी हरलं.

ड्रॉइंगवाले दादा, दोन गोष्टी सांगा. क्वेंच करताना बार किती मिमीचा होता? आणि टेम्पर किती अंशावर केलं? हार्डनेसचा आकडा नकोय, भट्टीचा चार्ट बघून सांगा.

जालना_रोलिंग:
एवढं अवघड कशाला करता? आमच्याकडं टीएमटीला गरमागरम पाण्याच्या बॉक्समधून काढतो. बाहेर कडक कडं, आत मऊ, गज वाकवला तरी तुटत नाही. शाफ्टलाही तेच पाहिजे ना? मग ईएन ८ घ्या, पाणी मारा.

वाळूज_ड्रॉइंगवाला:
@हार्डनेसवाली ताई, ६५ मिमीचा काळा बार आख्खा क्वेंच-टेम्पर करून येतो, मग आम्ही ५० पर्यंत टर्न करतो. चार्ट मागवला. पूर्वीच्या लॉटचं टेम्पर ६२० ला. ज्या लॉटमधले शाफ्ट परत आले त्याचं ५४० ला. हार्डनेस दोन्हीकडं ३० च्या आसपासच आहे.

हार्डनेसवाली:
मग निम्मं उत्तर या चार्टवरच आलं.

ईएन १९ नीट क्वेंच झालं, सगळं मार्टेन्साइट, म्हणजे क्वेंचनं होणारी कडक रचना झालं, तर ५४० ला टेम्पर करून ते ३० वर येत नाही. ३६-३७ च्या आसपास राहतं. ३० वर आणायला ६०० च्या वर जावं लागतं. तुमच्या दुसऱ्या लॉटला ५४० लाच ३० मिळालं, याचा अर्थ क्वेंचनंतर तो आधीच कमी होता. भट्टीवाल्याने कमी टेम्पर करून आकडा जुळवून दिला. रिपोर्टवर दोन्ही ३०, पण एक टेम्पर झालेलं मार्टेन्साइट आणि दुसरं बेनाइट-फेराइटची मिसळ. हार्डनेस सारखी असली तरी या मिसळीची यील्ड, म्हणजे कायमचं वाकण्याआधी झेपणारा ताण, कमी असते, म्हणून शाफ्ट वाकतो.

आता ६५ आणि ५० चं बघा. टर्न केल्यावर जो पृष्ठभाग उरतो तो क्वेंचच्या वेळी साडेसात मिमी आत होता, म्हणजे मध्यापासून त्रिज्येच्या पाऊण अंतरावर. ६५ च्या बारला मध्यम हलत्या तेलात त्या जागी जो थंड होण्याचा वेग मिळतो, तोच जॉमिनीच्या तुकड्यावर पाण्याच्या टोकापासून साधारण १७ ते १९ मिमीवर मिळतो. ४१४० एच या अमेरिकन ग्रेडचा जॉमिनी पट्टा उघडा. ईएन १९ त्याचं जुळं भावंड नाही, पण अंदाजाला चालतं. त्या अंतरावर वरची रेघ ५५ एचआरसी आणि खालची ३९. ग्रेड तोच, दोन्ही पास. ०.४० कार्बनला अर्धं मार्टेन्साइट म्हणजे ४५ च्या आसपास, म्हणजे ३९ वाल्यात अर्धंही झालेलं नाही. आणि तोच तुमच्या शाफ्टचा बाहेरचा थर आहे.

@जालना_रोलिंग भाऊ, तुमच्या गजाचं कडं कुणी टर्न करून काढत नाही. हे काढतात.

खरेदी_खातं:
टीसीवर कार्बन, मँगनीज, क्रोम, मॉली सगळं रेंजमध्ये आहे. रेंजमध्ये असलेला माल नाकारायचा कसा? आणि प्रत्येक लॉटला जॉमिनी मागितली तर व्यापारी फोन उचलणार नाही. आपण महिन्याला दोन टन घेतो, दोनशे नाही.

हार्डनेसवाली:
टीसीवरचे आकडे इथं टाका ना.

खरेदी_खातं:
कार्बन ०.३८, मँगनीज ०.५२, क्रोम ०.९२, मॉली ०.२१.

हार्डनेसवाली:
प्रत्येक आकडा पास आणि कार्बन सोडला तर प्रत्येक आकडा तळाला टेकलेला. मिश्रधातूंचा परिणाम बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. ग्रॉसमनच्या गुणकांनी पाहिलं तर मँगनीज ०.७८, क्रोम १.४० आणि मॉली ०.३५ असलेला हाच ग्रेड, तेवढ्याच कार्बनला आणि तेवढ्याच दाण्याला, दुपटीहून जास्त जाडीपर्यंत कडक होतो. दोन्ही टीसींवर शिक्का मात्र ईएन १९ चाच.

माल नाकारू नका. पण पुढच्या ऑर्डरमध्ये "एच पट्ट्यासहित" असं लिहा, नाहीतर क्रोम आणि मँगनीजची खालची हद्द थोडी वर घ्या. युरोपी ४२ क्रोमॉलीमध्ये पट्ट्याचा वरचा भाग वेगळा मागता येतो.

गेवराई_वेल्डिंग:
ताई, तुमचं बरोबर असंल. पण जरा आमचं बी ऐका. ऊस गाळपाच्या दिवसात कॅरियरचा शाफ्ट मोडला की लोकं आमच्याकडंच आणतात. ईएन ८ असला तर थोडं गरम करून भरतो, चालतो वर्ष दोन वर्ष. मागं एकाचा निघाला ईएन २४. भरला, रात्रभर ठेवला, सकाळी वेल्डच्या कडंला केसासारखी चीर. दुसऱ्यांदा भरला, परत तिथंच. गिऱ्हाईक म्हणतंय तुला वेल्डिंग येत नाही. जे पोलाद तेलात गाभ्यापर्यंत कडक व्हतं, ते वेल्डच्या बाजूला नुसत्या हवेत बी कडक व्हतं. मंग दुरुस्ती कोण करणार?

चिकलठाणा_फोरमन:
ते प्रीहीट न करता भरलं असणार. तीनशे अंश गरम करा, लो हायड्रोजन रॉड भाजून घ्या, वरून राखेत पुरून सावकाश थंड करा, बघा चीर पडते का. ग्रेडला दोष देऊ नका.

गेवराई_वेल्डिंग:
काका, पाच फुटी शाफ्ट तीनशेला कुठं गरम करू? शेगडीवर?

हार्डनेसवाली:
वेल्डिंगवाल्या भाऊंचा मुद्दा फोरमन काकांनी मनावर घ्यायला हवा. जास्त हार्डनेबिलिटी फुकट मिळत नाही. ती वेल्डला त्रास देते, पाण्यात क्वेंच केली तर चिरा देते, आणि मशीनिंगचा वेळ खाते.

इंडक्शन_शेंद्रा:
मी आधीपासून सांगतोय, ताण बाहेर असतो तर बाहेरच कडक करा. ईएन ८ घ्या, ५० ला टर्न करा, मग इंडक्शनने ३ मिमी खोल ५५ एचआरसी. स्वस्त आणि मस्त. जॉमिनी कशाला, ईएन २४ कशाला?

हार्डनेसवाली:
बेअरिंगच्या जागी घासण्यासाठी हे छान. पण शाफ्ट वाकण्यासाठी ३ मिमीच्या खालचं पोलादही हिशेबात येतं. ५० च्या शाफ्टला ३ मिमी खोलवर ताण वरच्या सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के असतोच. तिथं नॉर्मलाइझ केलेलं ईएन ८ असेल तर त्याची यील्ड पुरते का, हे लोडवरून काढावं लागेल. ड्रॉइंगवाल्यांनी टॉर्क सांगितलेला नाही, म्हणून ते चालणार नाही असंही मी म्हणत नाही.

वाळूज_ड्रॉइंगवाला:
टॉर्क गिऱ्हाईक सांगतं त्यापेक्षा जास्तच असतो, म्हणून लिहिला नाही. आता मला एकच ठरवायचंय. दोष मालात की भट्टीवाल्याच्या तेलात?

हार्डनेसवाली:
याचसाठी जॉमिनी. तिच्यात भट्टीवाल्याचं तेल येतच नाही. त्याच लॉटच्या बारमधून तुकडा घ्या, नॉर्मलाइझ करा, २५ मिमी व्यास आणि १०० मिमी लांबीचा मशीन करा. ८४५ अंशावर अर्धा तास ठेवा. भट्टीत टोकाला कार्बन जळू नये म्हणून तो ग्राफाइटच्या भुकटीवर उभा करतात. मग ५ सेकंदांत स्टँडवर टांगून खालून साडेबारा मिमीच्या नळीचं पाणी फक्त टोकावर मारायचं. तुकडा नसताना पाण्याचा खांब ६५ मिमी उंच उठला पाहिजे, हे आधी बघून घ्यायचं. नळीला गंज-चुना धरला की तो खांब वाकडा उठतो आणि पाणी बाजूलाही लागतं.

सगळ्यात जास्त घोळ नंतर होतो. दोन समोरासमोरच्या बाजू ०.४ मिमी ग्राइंड करून त्यावर हार्डनेस घेतात. घाईत ग्राइंड केलं की पृष्ठभाग जळतो आणि मऊ आकडा येतो. दोन बाजूंच्या आकड्यांत ४-५ एचआरसीचा फरक दिसला तर रिपोर्ट घेऊ नका, नव्यानं ग्राइंड करायला लावा. टोकाचा पहिला आकडा बघून खूश होऊ नका, तो जवळपास फक्त कार्बनचा असतो. ईएन ८ चाही तिथं ५५ येईल. तुम्हाला १७ ते १९ मिमीचा आकडा हवाय. तिथं ४८-५० आला तर माल चांगला, भट्टीवाल्याच्या तेलाची हालचाल आणि तापमान बघा. ४० आला तर माल गरीब, भट्टीवाल्याला बोलू नका. तळाचे टीसी बघता मला दुसरं वाटतंय, पण तेल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही.

आणि निकाल काहीही येवो, ६५ चा बार क्वेंच करणं थांबवा. आधी ५३ पर्यंत रफ टर्न करा, मग क्वेंच. तुमचा पृष्ठभाग जॉमिनीच्या ११-१२ मिमीच्या जागी येतो. तिथं त्याच पट्ट्याची खालची रेघही ४७-४८ वर आहे. ग्रेड न बदलता निम्मा प्रश्न सुटतो.

चिकलठाणा_फोरमन:
९०० मिमी लांब, ५३ चा टर्न केलेला शाफ्ट तेलात टाकला की केळं होऊन बाहेर येतो. दीड मिमी साइडमध्ये तो निघेल का? सरळ करायला प्रेसवर घ्याल, मग ताण काढायला परत भट्टीत. हे सगळं मिळून ईएन २४ च्या फरकापेक्षा महाग पडेल.

हार्डनेसवाली:
उभा टांगून क्वेंच केला तर इतका वाकत नाही. पण तुमच्या भट्टीवाल्याकडं तेवढी खोल टाकी आहे का, ते विचारा. नसेल तर काका म्हणतात ते खरं ठरू शकतं.

वाळूज_ड्रॉइंगवाला:
टाकी ७०० मिमी खोल आहे. विचारलं.

खरेदी_खातं:
मग ५६ ला रफ टर्न, आडवं क्वेंच? की वेगळा भट्टीवाला? कुणाला माहीत असेल तर सांगा. जॉमिनीचा तुकडा आज कापायला दिलाय.